तिसऱ्या घाण्याचं तेल

बायकोनं माझ्या तेलाला नावं ठेवली, तिथून मला बाटलीवर लिहायची सवय लागली. त्याआधी मी काहीच लिहीत नव्हतो. शाळा तिसरीत सुटली, हात मागावर गेला, आणि पुढचं सगळं आयुष्य धोटा इकडून तिकडे फेकण्यात गेलं. वाचता येतं, लिहिताही येतं, पण अक्षरं सैल ताण्यासारखी लोंबतात. म्हणून लिहीत नव्हतो असं मात्र नाही. माझं म्हणणं होतं की ज्यानं तेल केलं त्याला ते नाकानं ओळखता आलं पाहिजे. चिठ्ठ्या लावायच्या दुकानदारानं.

तेल निर्गुडीचं. आमची वस्ती विणकरांची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्यांचे गुडघे जायचे, कांड्या भरणाऱ्या बायांचे खांदे जायचे, आणि सगळे हेच तेल लावायचे. मी ते आईकडून शिकलो. पाला आणायचा, धुऊन वाटायचा, तिळाच्या तेलात मंद आचेवर शिजवायचा. कढईतलं चरचरणं थांबलं, आणि बोटांत चोळलेल्या पाल्याची वात वळायला लागली, की त्यातलं पाणी गेलं असं समजायचं. मग कपड्यातून गाळायचं. वस्तीतले माग बंद झाले. आमचा माग होता तिथं आता फ्रीज उभा आहे. तेल तेवढं राहिलं, आणि त्याबद्दल मला अभिमान होता, अजूनही आहे.

बायकोचा उजवा खांदा धरलेला. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं की झीज आहे. हात हलवत राहा, गोळी लागेल तेव्हाच घ्या, तेल चोळून बरं वाटत असेल तर चोळा. आदल्या हिवाळ्यात तिनं सकाळ-संध्याकाळ तेल चोळलं, आणि उन्हाळ्यात गल्लीतल्या बायांसोबत गच्चीवर बसून पापड लाटले. लाटणं हातात, तोंड चालू, अशी ती बसलेली मी खालून पाहिली. लग्नापासून ती दरवर्षी त्या घोळक्यात असते. मधली काही वर्षं खांद्यामुळे नुसती पापड उचलून वाळत घालायची, आणि तेवढ्यानं तिचं तोंड लहान व्हायचं.

ते तेल संपलं. मी नवीन केलं, खिडकीत मुरू दिलं. तिनं तळहातावर घेतलं, हुंगलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"हे ते नाही."

"काहून नाही? तीच कढई, तोच मी."

"तुमी तेच असाल जी. तेल ते नाही. याले वास मारते अन् अंग खाजते."

"तुह्यं नाक म्हातारं झालं."

"नाक माह्यं, खांदा माह्या, अन् सांगणारे तुमी," ती म्हणाली, आणि चोळणंच सोडलं. दोन-चार दिवसांत हात पुन्हा खांद्याच्या वर जाईना. मेडिकलमधून ट्यूब आणायला सुनेला सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, ते जास्त लागलं.

सून रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या औषधाच्या काउंटरवर कामाला आहे. पोरगी हुशार, पण मला शिकवायला लागली की मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवतो. त्या दिवशी तिनं ट्यूब आणली, सासूला दिली, आणि मला विचारलं, "मामाजी, मागच्या वर्षीच्या त्या चांगल्या तेलात काय काय होतं?"

"निर्गुडी."

"आणखी?"

"आठवत नाही. कधी लसूण टाकतो, कधी ओवा. जे घरात असते ते."

"पाला कुठचा?"

"कधी नाल्याकाठचा, कधी उमरेडकडे गेलो तर तिकडचा."

"कधी केलं होतं?"

"थंडीत."

ती हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं. "मंग तेच तेल पुन्हा कसं करणार तुमी?" एवढंच म्हणाली आणि डबा धुवायला गेली.

हा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कसं करणार? सूत रंगवताना आम्ही असं कधी करत नव्हतो. एका हंड्यातून एका वेळी निघालेल्या लडी एकत्र बांधायच्या, त्यांना खुणेचा दोरा लावायचा, आणि दुसऱ्या हंड्याच्या लडीत मिसळू द्यायच्या नाहीत. लाल तोच, रंगारी तोच, तरी हंडा बदलला की पदरात पट्टा दिसतो. हे मला कळत होतं. तेलालाही हंडा असतो, हे मात्र सुचलं नव्हतं.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. चिठ्ठी नाही, दोरे. पहिल्या कढईच्या बाटल्यांच्या गळ्याला लाल सूत, दुसरीच्या गळ्याला पिवळं. लसूण असेल तर एक गाठ, ओवा असेल तर दोन. कोणाला काही कळणार नाही, मला सगळं कळेल, असा हिशोब. बाटल्या खिडकीतल्या फळीवर मांडल्या तर माझ्या मनाला फार बरं वाटलं.

काही दिवसांत सगळे दोरे एका रंगाचे झाले. बाटलीतून ओतताना तेल ओघळतं, गळ्यावर येतं, आणि सूत ते पिऊन घेतं. लाल काळपट, पिवळा काळपट. गाठी फुगून चिकटल्या. एक का दोन, मोजायला चष्मा लावला तरी कळेना. जन्मभर सूत हाताळलं आणि सूत तेल पितं हे विसरलो. दिव्याची वात दुसरं काय करते!

बायकोनं एक बाटली वर धरली. "अजी, हे लाल का पिवळं?"

"ठेव खाली."

"नाही, इचारून राहिली. नवरी ओळखू येत नाही, सगळ्या एकाच रंगाच्या नेसल्या."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. मी सगळं तेल जुन्या दारांच्या बिजागऱ्यांना घातलं आणि बाजारातून चिकट चिठ्ठ्यांचं पाकीट आणलं. सुनेला मागितल्या नाहीत, तिच्याकडे ढीगभर असतात तरी.

लिहायचं ठरवल्यावर कळलं की लिहायचं काय, हेच सोपं नाही. "निर्गुडी तेल" लिहून मी पेन खाली ठेवला. सुनेनं पाहिलं. "तारीख?"

मी ज्या दिवशी बाटली भरली ती टाकायला निघालो. ती म्हणाली, "बाटली भरल्याची नाही, मामाजी. कढई उतरवल्याची. तेल त्या दिवशी जन्मलं."

"अन् भरलं दोन दिवसांनी. गाळ बसू दिला."

"म्हणून जन्मतारीख बदलते का?"

हे मला पटलं, पण मी हो म्हटलं नाही. नुसती तारीख खोडून दुसरी लिहिली. पुढे घाणा या शब्दावरून वाद झाला. ती बॅच म्हणते. मी म्हटलं, भजी काढतो तेव्हा पहिला घाणा, दुसरा घाणा म्हणतो ना, तसंच हे. एका कढईत एका वेळी शिजलं तो एक घाणा, मग त्याच्या बाटल्या कितीही होवोत, नंबर एकच. ती म्हणाली, "घाणा लिहा, कोण नाही म्हणते." मग पाला कुठचा ते, तेल कोणतं ते, लसूण-ओवा असेल तर तो, आणि खाली तिनं हट्टानं लिहायला लावलं: फक्त बाहेरून लावायचं.

"कोणाले कळत नाही का?"

"खोकल्याच्या औषधाची बाटली आहे ती. अंधारात शेजारची म्हातारी पिऊन टाकन."

चिठ्ठी झाकणावर लावली तर ओरडली. झाकणं धुताना एकमेकांत बदलतात, मग बाटलीला दुसऱ्याचं नाव लागतं. बाटलीच्या पोटावर लावायची. माझ्या पेनाची शाई तेलाच्या बोटानं पसरली, तारखेचा निळा डाग झाला. मग साधा बॉलपेन, आणि वरून पारदर्शक टेप, कडेपर्यंत ओढून. टेपाखाली हवा राहिली तर तिथून तेल शिरतं, हे मात्र मी शोधलं. अंगठ्यानं दाबत दाबत लावायचा.

आणि मग मला त्यात मजा यायला लागली. पहिला घाणा नाल्याकाठच्या पाल्याचा, नुसता. दुसरा त्याच पाल्याचा, लसूण घालून. तिसरा उमरेडकडच्या पाल्याचा, बिनलसणाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाचा ते कळणार कसं? वस्तीतले लोक विचारायचे, "काय गा, कारखाना काढला का?" मी म्हणायचो, "हाव, तुले कामावर ठेवतो."

पारखायला बायको. बाटली पाहून ती मुद्दाम काहीतरी बोलेल, म्हणून मी वाटीत काढून तिच्यासमोर ठेवायचो. पहिल्या घाण्याला तिनं नाक मुरडलं. दुसऱ्याला म्हणाली, "याच्यात लसूण आहे, भाजी करा." तिसऱ्याची वाटी मी आणली तेव्हा ती टीव्ही पाहत होती. बोट बुडवलं, हुंगलं, आणि टीव्हीवरची नजर काढली.

"हे ते."

"नक्की?"

"इतका वेळ काय सांगून राहिली? हे ते. कुठं लपवलं होतं?"

मी मनातून गच्चीवर चढलो. उमरेडकडचा पाला! जमीन वेगळी, पाण्याचा गुण वेगळा. दुसऱ्या दिवशी चौकात मी हे चार लोकांना सांगूनही टाकलं. बायकोनं आठवडाभर तेल चोळलं. ती बाटली संपली तशी मी तिसऱ्याच घाण्याची दुसरी बाटली उघडली, वाटीत काढली आणि मिशीला पीळ देत समोर ठेवली.

तिनं हुंगलं. वाटी सरकवली.

"हे ते नाही."

माझं डोकं फिरलं. "मस्करी लावली का वं? काल हे ते, आज हे ते नाही?"

"काल जे होतं ते ते होतं. हे नाही."

"घाणा तिसरा आहे! हे पाह्य, लिहिलं आहे. तारीख एक, पाला एक, कढई एक!"

"लिहिलं असन. मी चिठ्ठी चोळून राहिली का खांद्याले?"

आवाज ऐकून सून बाहेर आली. मी दोन्ही बाटल्या तिच्या पुढ्यात आपटल्या, फुटल्या नाहीत हे नशीब. एक रिकामी, तळाला थोडं तेल असलेली. एक भरलेली. दोघींवर माझ्याच हातचं घाणा तिसरा. सुनेनं चिठ्ठ्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, मग रिकामीचा वास घेतला, मग भरलेलीचा. माझ्याकडे दिल्या. मीही घेतला. रिकामीतून पाल्याचा कडवट, हिरवा वास आला. भरलेलीतून जुन्या पापडाच्या तळणाचा. खवट. नाक बायकोचं म्हातारं झालं नव्हतं.

चिठ्ठ्या नसत्या तर मी शपथेवर सांगितलं असतं की हे दोन वेगळे घाणे आहेत. पण लिहिणारा मीच होतो, स्वतःलाच खोटं कसं ठरवू?

"मामाजी," सून म्हणाली, "ही तपकिरी आहे."

ती रिकामी बाटली तपकिरी काचेची होती. कधीची टॉनिकची. तिसरा घाणा भरताना पांढऱ्या बाटल्या कमी पडल्या, म्हणून मी ती उकळत्या पाण्यानं धुऊन, उलटी घालून वाळवून भरली होती. बाकी सगळ्या पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या.

"अन् खिडकीत काहून ठेवता?" तिनं विचारलं.

"ऊन लागाले. लोणचं नाही का ठेवत? तेल उन्हात मुरते."

"मुरते का मरते, ते पाहा एकदा. आमच्याकडं कितीतरी औषधं तपकिरी बाटलीत येतात, ती शोभेसाठी नाही. उजेडानं खराब होतात म्हणून. तेलही होते."

मला पटलं नाही. आईनं तेल उन्हात ठेवलेलं मी पाहिलं होतं. पण आई मातीच्या बरणीत ठेवायची, वर फडकं बांधून, हेही त्याच क्षणी आठवलं. मागच्या वर्षीचं तेल तर खिडकीत ठेवलंच नव्हतं. सुनेचं ऐकून मान डोलवावी असा माझा स्वभाव नाही. मी म्हटलं, पाहतो.

चौथा घाणा मी नाल्याकाठच्या साध्या पाल्याचा केला, ज्याला बायकोनं पहिल्यांदा नाक मुरडलं होतं. दोन सारख्या पांढऱ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या. दोघींवर एकच चिठ्ठी. एकीला मोडक्या छत्रीचं काळं कापड गुंडाळून शिवून टाकलं, दुसरी उघडी, आणि दोघींना त्याच फळीवर शेजारी ठेवलं. जागा दोघींना सारखी, गरमी सारखी, उजेड फक्त एकीलाच. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथं उभा राहायचो. काळ्या कपड्यातली बुरखा घालून बसल्यासारखी, काही कळू देत नव्हती. उघडीचा हिरवट रंग मात्र हळूहळू उडायला लागला. धुण्यात विटणाऱ्या कच्च्या रंगासारखा, रोज थोडा. हे मी आधीही रोज पाहत असणार. पाहिलं नव्हतं.

थंडी ओसरायला लागली तेव्हा शिवण उसवली. दोन वाट्या काढल्या. बायकोला म्हटलं, "बोल."

तिनं एक लांब ढकलली. दुसरी हुंगली, मग पुन्हा हुंगली. "हे तेच," ती म्हणाली. "उमरेडचं आहे न?"

"नाल्याकाठचं," मी म्हटलं.

चौकातल्या चार लोकांना जे सांगून बसलो होतो ते परत घ्यायला मी अजून गेलेलो नाही. विचारलं तर सांगेन.

पापडांचे दिवस जवळ येत होते, आणि ते काळं कापड लावलेली एक बाटली पुरणारी नव्हती. मी आणि सून इतवारीत बाटल्यांच्या दुकानात गेलो. छतापर्यंत काच. दुकानदारानं आधी निळ्या काढल्या, फार सुंदर. सून म्हणाली, तपकिरीच पाहिजे, निळीतून उजेड जास्त जातो. मग त्यानं गडद तपकिरी काढल्या, एकदम चकचकीत. "काका, याच्यापेक्षा डार्क नागपुरात भेटणार नाही."

रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. पक्का रंग आणि वरून मारलेला रंग, यात फरक कुठे दिसतो ते मला माहीत आहे, कडेला. मी झाकण काढलं आणि बाटलीच्या तोंडाची कड पाहिली. कड पांढरी. किल्लीनं तळाशी ओरखडा काढला, तपकिरी पापुद्रा निघाला, खाली साधी काच.

"ही रंगवलेली आहे, गा."

"काका, शोपीसले चालते न."

"मी का शोपीस भरून राहिलो?"

तो हसला आणि मागून दुसरं खोकं आणलं. यांची कडही तपकिरी, तळही तपकिरी, तळाला काच जाड तिथं रंग आणखी गडद. किल्ली घसरून गेली. मी म्हटलं, ही पक्क्या रंगाची. त्यानं रबराच्या थेंबपिचकारीची झाकणं दाखवली. सुनेनं नको म्हटलं, रबर तेलात राहून फुगतं आणि चिकट होतं. साधं आट्यांचं झाकण, आत गोल चकती, आणि तोंडाला बारीक भोकाचं बूच, म्हणजे ओघळ कमी. मोठ्या बाटल्या मी नाकारल्या. मोठी बाटली महिनाभर उघडझाप होते, रोज हवा पिते. लहान असली की एक संपते, बाकी बंद राहतात. हे सुनेनं सांगितलं नव्हतं. तिनं नुसती मान डोलवली आणि मी टीव्हीशिवाय ते सहन केलं.

घासाघीस करून झाल्यावर मी दुकानदाराकडे पाणी मागितलं. त्याला वाटलं तहान लागली. मी एका बाटलीत ते ओतलं, झाकण लावलं आणि उलटी धरली. दुसरी, तिसरी. एक गळाली, ती बदलून घेतली. "तुमी पोरगी पाहाले चालले का बाटली घ्याले?" तो म्हणाला.

"पोरगी एकदा पाहिली होती," मी म्हटलं, "तेव्हा काही तपासलं नाही. तिच्याचसाठी हे चालू आहे."

घरी आल्यावर बाटल्या धुतल्या, आणि इथं मी घाई केली नाही. आत पाण्याचा एक थेंब राहिला तर तेल बिघडतं, म्हणून त्या उलट्या घातल्या, दुसऱ्या दिवशी सुलट्या करून आतून कोरड्या झाल्या की नाही ते पाहिलं. पाचवा घाणा केला. गरम तेल थंड काचेत ओतलं तर काच तडकते, म्हणून निवू दिलं, गाळ बसू दिला, गळ्यापर्यंत भरलं. चिठ्ठ्या लिहिल्या: निर्गुडी तेल, पाला नाल्याकाठचा, तेल तिळाचं लाकडी घाणीचं, कढई उतरवल्याची तारीख, घाणा पाचवा, फक्त बाहेरून लावायचं. अक्षरं अजून लोंबतात, पण वाचता येतात. तपकिरी बाटल्या असूनही खिडकीत ठेवल्या नाहीत. कपाटात, खालच्या कप्प्यात.

ऊन कडक झालं, गल्लीत उडदाचं पीठ कुटायचा आवाज सुरू झाला. एका सकाळी गच्चीवरून कोणीतरी हाक मारली, "काकू, येता का उचलाले?"

बायको लगेच वर गेली नाही. कपाटातून बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. मी चिठ्ठी तिच्याकडे वळवून दाखवायला लागलो, तारीख किती आठवड्यांपूर्वीची आहे ते तिला कळावं म्हणून. तिनं झाकण काढून हुंगलं, तळहातावर ओतलं, खांद्यावर घेतलं. मग बाटली माझ्या हातात दिली आणि पाठ वळवली.

"मागच्या बाजूनं लावा. माह्या हात पोचत नाही तिथं."

मी चोळलं. ती ओरडली, "हळू!" म्हणाली. बऱ्याच वेळानं तिनं हात वर नेऊन पाहिला, खुंटीवरच्या कपड्यापर्यंत. थोडा कमी पडला, पुन्हा नेला, कपडा हाताला लागला. मग पदर खोचून ती जिन्याकडे निघाली, आणि वर हाक मारून सांगितलं, "उचलाले दुसरी पाहा वं. माह्यं लाटणं कुठं ठेवलं?"